डेक की इंजिन? मराठवाड्यातून मर्चंट नेव्हीत जाताना पहिला निर्णय असा घ्या

बारावीनंतर जहाजावर जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा कॉलेजच्या नावावर आणि फीवर सुरू होते. त्याआधी एक निर्णय व्हायला हवा: डेक की इंजिन. डेक म्हणजे जहाज चालवणारी शाखा, इंजिन म्हणजे त्याची यंत्रं सांभाळणारी. जहाजावरचे अधिकारी मुख्यतः या दोन शाखांतले असतात. शाखा एकदा धरली की मधेच बदलता येत नाही, बदलायची तर प्रशिक्षण पहिल्यापासून करावं लागतं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब राहणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना या दोन्हींतलं काम जवळून बघायला मिळत नाही. मग गावातला जो कुणी आधी गेलेला असतो, त्याचीच शाखा सगळे धरतात. हा निर्णय कोणत्या क्रमाने घ्यायचा ते इथं दिलं आहे.

मर्चंट नेव्ही म्हणजे व्यापारी जहाजांवरची नोकरी. भारतीय नौदलाशी तिचा संबंध नाही. प्रशिक्षण, परीक्षा आणि परवाने मुंबईच्या नौवहन महानिदेशालयाच्या अखत्यारीत येतात. बोलताना त्यालाच 'डीजी शिपिंग' म्हणतात.

१. आधी डोळे तपासा, फॉर्म नंतर भरा

अर्ध्या मुलांचा निर्णय इथंच लागू शकतो, म्हणून ही पायरी पहिली.

डेकला भरती होताना दोन्ही डोळ्यांची लांबची नजर चष्म्याशिवाय ६/६ लागते. इंजिनला चष्मा चालतो, पण नंबर अधिक किंवा उणे २.५ च्या आत हवा. रंगांधळेपणा मात्र दोन्हीकडे चालत नाही.

डेकचा नियम इतका कडक का, ते रात्रीच्या एका प्रसंगावरून कळेल. प्रत्येक जहाजाच्या डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा असतो. रात्री दोन वाजता ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला आपल्या उजवीकडे दूरवर लाल दिवा दिसला, तर समोरच्या जहाजाची डावी बाजू त्याच्याकडे आहे, म्हणजे ते त्याच्या वाटेला आडवं येतंय. अशा वेळी टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे वाट सोडायची जबाबदारी त्याची असते. तोच दिवा त्याला हिरवा वाटला किंवा उशिरा दिसला, तर सगळा हिशोब चुकतो. इंजिनरूममध्येही वायरिंग, पाइपांवरचे रंगाचे पट्टे आणि अलार्मचे दिवे ओळखावे लागतात, म्हणून रंगांची अट तिथंही आहे.

रंगांची तपासणी इशिहारा चाचणीने होते. ठिपक्यांच्या चित्रात लपलेला आकडा वाचायचा असतो. लाल-हिरव्या रंगांचा दोष असलेल्या मुलाला रोजच्या आयुष्यात काहीच अडचण येत नाही, त्यामुळे तो दोष सतरा-अठरा वर्षं घरात कुणाच्या लक्षातही आलेला नसतो. हा दोष मुलांमध्ये मुलींपेक्षा बराच जास्त आढळतो आणि त्यावर उपचार नाही.

म्हणून अकरावीतच छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे जा. नजर, नंबर आणि इशिहारा या तिन्ही गोष्टी लिहून घ्या. ही प्राथमिक तपासणी झाली. प्रवेशाला ग्राह्य धरलं जाणारं प्रमाणपत्र डीजी शिपिंगने मान्यता दिलेल्या डॉक्टरचंच लागतं. फी भरण्याआधी ती तपासणी करून घ्या. संस्थेत पैसे भरले आणि मग वैद्यकीय तपासणीत अडकलं, तर पैसे परत मिळवण्यात वर्ष जातं. चष्मा घालवायला लेसर शस्त्रक्रिया करायचा विचार असेल, तर शस्त्रक्रियेआधीच या मान्यताप्राप्त डॉक्टरला विचारा.

२. ग्रुप आणि गुण बघा

दोन्ही शाखांना बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स हवं आणि या तीन विषयांत मिळून किमान ६० टक्के हवेत. शिवाय दहावीला किंवा बारावीला इंग्रजीत किमान ५० टक्के लागतात.

आपल्याकडे पहिला घोळ अकरावीतच होतो. लातूर-नांदेडच्या वातावरणात नीटच्या नादाने मुलं बी ग्रुप घेतात, मॅथ्स सोडतात आणि बारावीनंतर या क्षेत्राची चौकशी करायला येतात. बी ग्रुपवाल्याला अधिकारीपदाची ही वाट बंद असते. मन पक्कं नसेल तर ए किंवा एबी ग्रुप घ्या.

दुसरा घोळ टक्केवारीचा. मार्कशीटवरची एकूण टक्केवारी इथं चालत नाही. फक्त तीन विषयांचे ३०० पैकी गुण मोजायचे. मराठीसारख्या इतर विषयांमुळे एकूण ७० टक्के झालेल्या मुलाचं पीसीएम ५७ टक्के भरतं आणि फॉर्म बाद होतो. राखीव गटांना सवलती आहेत, त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा.

३. दोन्हीकडचं काम नेमकं काय, ते समजून घ्या

डेकवाल्याचं काम जहाज चालवणं आणि माल सांभाळणं. समुद्रात ब्रिजवर चार तास पहारा आणि आठ तास सुट्टी, असं चक्र असतं. पारंपरिक वाटणीत थर्ड ऑफिसर आठ ते बारा, सेकंड ऑफिसर बारा ते चार आणि चीफ ऑफिसर चार ते आठ उभा राहतो, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. बंदरात माल चढताना-उतरताना हेच लोक डेकवर असतात. कागदपत्रं भरपूर, बोलणंही भरपूर: जहाज बंदरात आणायला मदत करणाऱ्या पायलटशी, बंदराच्या नियंत्रण कक्षाशी, दुसऱ्या जहाजाशी. सगळं इंग्रजीत आणि रेडिओवर. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला हे जमतं, पण इंग्रजी ऐकून लगेच उत्तर द्यायची सवय आतापासून लावावी लागते. आणि कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, असताना ब्रिजपेक्षा गंज खरवडणं, रंगकाम, मालाच्या होल्डची सफाई आणि जाडजूड दोर ओढणं हेच जास्त वाट्याला येतं, हे आधीच माहीत असू द्या.

इंजिनवाल्याच्या ताब्यात मुख्य इंजिन, जनरेटर, बॉयलर, पंप, एसी, पाणी तयार करायचं यंत्र, सगळं येतं. उष्ण भागात इंजिनरूमचा पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि आवाजामुळे कानाला संरक्षण लावूनच काम करावं लागतं. आजच्या बऱ्याच जहाजांवर रात्री इंजिनरूममध्ये माणूस नसतो. दिवसा काम आणि पाळीच्या रात्री अलार्म वाजला की उठून खाली जायचं, अशी पद्धत असते.

इथलं एक नेहमीचं काम सांगतो, म्हणजे अंदाज येईल. जहाजाच्या जड इंधनात पाणी आणि गाळ असतो. ते वेगळं काढायला प्युरिफायर नावाचं यंत्र इंधन प्रचंड वेगाने फिरवतं. आतल्या बोलमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भांड्यात, एकावर एक रचलेल्या पातळ चकत्या असतात. ठरावीक तासांनी बोल उघडून प्रत्येक चकती धुवायची, सीलिंग रिंगा बदलायच्या आणि सगळं त्याच क्रमाने परत बसवायचं. रिंग झिजली असेल किंवा नीट बसली नसेल, तर चांगलं तेल गाळाच्या टाकीत जायला लागतं. टाकीची पातळी उगाच वाढताना दिसली की अनुभवी माणूस आधी ती रिंग तपासतो. कारण शोधायचं आणि हात काळे करून दुरुस्त करायचं, असं रोजचं काम.

स्वतःला तपासायचं असेल तर शेतातली बोअरची मोटर बंद पडल्यावर तुम्ही काय करता ते आठवा. स्टार्टर उघडून कुठला फेज गेलाय ते बघणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून तो काय करतो ते बघत राहणारा मुलगा इंजिनमध्ये रमतो. त्याऐवजी मिस्त्रीला फोन करणं, गाडी आणि भाडं ठरवणं, चार माणसं लावून काम उरकून घेणं हे ज्याला सहज जमतं, त्याला डेकचं काम मानवतं. गणित दोन्हीकडे लागतं. पगाराच्या जोरावर शाखा निवडू नका. कॅप्टन आणि चीफ इंजिनिअर यांच्या पगारात थोडाच फरक असतो आणि तिथपर्यंत जायला दोघांनाही तेवढ्याच पायऱ्या आहेत.

जमिनीवर परतायचं झालं तर फरक जाणवतो. इंजिनवाल्याला शिपयार्ड, वीज प्रकल्प आणि कारखान्यांच्या देखभाल विभागात काम मिळू शकतं. डेकवाल्याच्या जमिनीवरच्या नोकऱ्या बहुतेक बंदरं आणि शिपिंग कंपन्यांतच असतात, म्हणजे मुंबईसारख्या बंदराच्या शहरातच राहणं आलं. संभाजीनगरला किंवा लातूरला परत यायचं मनात असेल, तर हा मुद्दा जड धरा.

४. वाट निवडा आणि वर्षं मोजा

डेकला जाणाऱ्या मुख्य वाटा दोन. पहिली डीएनएस, म्हणजे नॉटिकल सायन्सचा एक वर्षाचा डिप्लोमा. त्यानंतर कॅडेट म्हणून १८ महिने प्रत्यक्ष जहाजावर आणि मग सेकंड मेट या डेकच्या पहिल्या परवान्याची परीक्षा. कागदावर हे अडीच वर्षांचं दिसतं. पण १८ महिने सलग होत नाहीत. दोन-तीन करार, मधली सुट्टी, पुढच्या जहाजाची वाट बघणं, मग मुंबईत राहून पूर्वतयारीचे कोर्स आणि परीक्षा, असं धरलं तर साडेतीन-चार वर्षं मोजा. दुसरी वाट तीन वर्षांच्या बीएस्सी नॉटिकल सायन्सची, तिच्यानंतर १२ महिने जहाजावर.

या दोन वाटांतला फरक एका शब्दात सांगायचा तर पदवी. डीएनएस करून जहाजच मिळालं नाही किंवा मधेच सोडावं लागलं, तर हातात एक वर्षाचा डिप्लोमा उरतो आणि जमिनीवर त्याला फारशी किंमत नाही. बीएस्सीवाल्याकडे निदान पदवी असते. म्हणून कंपनीने जहाज द्यायचं लेखी कबूल केलं नसेल, तर डीएनएसमध्ये पैसे घालू नका.

इंजिनला वाटा जास्त आणि त्यातल्या काही उशिरापर्यंत उघड्या राहतात. बारावीनंतर थेट चार वर्षांचं बीटेक मरीन इंजिनिअरिंग. किंवा मेकॅनिकलची पदवी घेऊन मग साधारण वर्षभराचा जीएमई, म्हणजे ग्रॅज्युएट मरीन इंजिनिअरिंगचा कोर्स. मेकॅनिकल डिप्लोमावाल्यांसाठी वेगळा दोन वर्षांचा कोर्स आहे. बीटेक किंवा जीएमईनंतर किमान सहा महिने जहाजावर काढले की एमईओ क्लास फोर या पहिल्या परवान्याची परीक्षा देता येते. इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांना ईटीओ, म्हणजे जहाजावरचा इलेक्ट्रिकल अधिकारी, होता येतं. ती तिसरी, छोटी शाखा.

म्हणजे नजर स्वच्छ असेल आणि मन डेककडे असेल, तर निर्णय बारावीलाच घ्यावा लागतो. इंजिनला चार वर्षं थांबूनही येता येतं.

बीटेक, बीएस्सी आणि डीएनएससाठी इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची आयएमयू सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. संगणकावर, इंग्रजीत, तीन तासांत २०० बहुपर्यायी प्रश्न. अभ्यासक्रम बारावीचाच, त्यात इंग्रजी आणि बुद्धिमापन जोडलेलं. फॉर्म imu.edu.in वर निघतो. नेरुळचं जुनं टी. एस. चाणक्य म्हणजे आज या विद्यापीठाचं नवी मुंबई कॅम्पस, डेकचं शिक्षण तिथं. मरीन इंजिनिअरिंगसाठी मुंबई पोर्ट कॅम्पस.

आता एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा परभणीजवळची एक मुलगी आहे, वय साडेसतरा. बारावीला फिजिक्स ५८, केमिस्ट्री ६६, मॅथ्स ६२. बेरीज १८६, म्हणजे ६२ टक्के. अट पूर्ण झाली. बारावीला इंग्रजीत ४६, पण दहावीला ७१ आहेत, त्यामुळे तीही अट सुटली. चष्मा उजव्या डोळ्याला उणे १, डाव्याला उणे १.२५. इशिहारा व्यवस्थित.

डेक इथंच संपलं, चष्म्यामुळे. इंजिन उघडं आहे. तिच्यापुढे दोन रस्ते: आत्ताच बीटेक मरीन, किंवा एमएचटी-सीईटीतून नांदेड-संभाजीनगरला मेकॅनिकल करून नंतर जीएमई. दुसरा रस्ता घराजवळचा, स्वस्त आणि वाळूजसारख्या एमआयडीसीत चालणारी पदवी देणारा. वेळ मात्र वर्षभर जास्त लागतो. त्यातला खरा धोका नंबराचा आहे. सतराव्या वर्षी उणे १.२५ असलेला नंबर पदवी होईपर्यंत वाढू शकतो आणि २.५ च्या पुढे गेला तर जीएमईचं दारही बंद. बीटेकला जाऊनही नंबर वाढू शकतोच, पण तिथं दरवर्षी तपासणीवर नजर ठेवता येते आणि जहाजावर चढायची वेळ वर्षभर आधी येते.

माझ्या मते तिने दोन्ही परीक्षा द्याव्यात. विद्यापीठाच्या स्वतःच्या कॅम्पसला बीटेक मिळालं तर घ्यावं. फक्त महागड्या खासगी संस्थेत जागा मिळत असेल आणि ती संस्था मागच्या मुलांना कोणत्या कंपनीने जहाज दिलं ते नावानिशी सांगत नसेल, तर मेकॅनिकल घ्यावं, दर सहा महिन्यांनी नंबर तपासावा आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा निर्णय करावा.

५. कंपनी आधी, संस्था नंतर

डेकवाल्यांनी ही पायरी दोनदा वाचा. कॅडेट म्हणून जहाजावर जागा मिळणं हीच सगळ्यात अरुंद जागा आहे. कोर्स केलेली मुलं जास्त आणि जहाजावरच्या जागा कमी. म्हणून मोठ्या कंपन्या कोर्सच्या आधीच मुलं निवडतात आणि प्रायोजकत्वाचं पत्र देतात. त्यासाठी त्यांची लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते. या कंपन्यांचे अर्ज त्यांच्या वेबसाइटवर फुकट भरता येतात. बारावीचं वर्ष चालू असतानाच भरा.

जहाजावर माणसं पाठवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडे आरपीएसएल हा परवाना लागतो. परवानाधारकांची आणि मान्यताप्राप्त संस्थांची यादी dgshipping.gov.in वर आहे. नाव, पत्ता आणि परवान्याची मुदत तिथं पडताळा. नोकरी लावून द्यायचे पैसे खलाशाकडून घेणं कायद्याने बंद आहे. त्यामुळे 'तीन लाख द्या, जॉइनिंग देतो' म्हणणारा माणूस कितीही ओळखीचा असला तरी तिथून उठा. 'परदेशी सीडीसी महिन्यात काढून देतो', 'बारावी लागत नाही, सहा महिन्यांत ऑफिसर' ही वाक्यंही तशीच. सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक. सहा महिन्यांचा जीपी रेटिंग कोर्स खरा आहे, दहावीवर होतो आणि त्यातून खलाशाची चांगली नोकरी लागते. पण तो अधिकारीपदाचा कोर्स नाही आणि तसा म्हणून कुणी विकत असेल तर फसवतोय.

प्रायोजकत्वाच्या पत्रात एक गोष्ट शोधा: कंपनी जहाज 'देईल' असं लिहिलंय की 'प्रयत्न करेल' असं. दुसऱ्या शब्दांवर कर्ज काढू नका.

६. कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

- दहावी आणि बारावीची मार्कशीट व प्रमाणपत्रं
- शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माचा पुरावा
- आधार आणि पासपोर्ट
- डीजी शिपिंगच्या मान्यताप्राप्त डॉक्टरचं वैद्यकीय प्रमाणपत्र
- लागू असेल तर जातीचं प्रमाणपत्र, केंद्राच्या नमुन्यात
- फोटो आणि चालू ईमेल, जो वर्षानुवर्षं बदलणार नाही

यातला पासपोर्ट आधी काढा. पुढे मिळणारा इन्डॉस नंबर, म्हणजे खलाशाचा नोंदणी क्रमांक, आणि सीडीसी दोन्ही पासपोर्टवरच्या नावाने निघतात. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर नाव आधी. कुठं 'राव' लागलेला, कुठं गळालेला. एका अक्षराच्या फरकावर अर्ज परत येतो आणि राजपत्रातून नाव दुरुस्त करण्यात महिने जातात. पासपोर्टचा फॉर्म भरायच्या आधी आधार आणि मार्कशीट शेजारी ठेवून इंग्रजी स्पेलिंग अक्षरन् अक्षर जुळवा. चूक आधारमध्ये असेल तर आधी आधार दुरुस्त करा.

आरक्षणाबद्दल: इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी हे केंद्रीय विद्यापीठ आहे, त्यामुळे राज्याचं एसईबीसी आरक्षण इथं लागू नाही. ओबीसींना नॉन-क्रिमीलेअर केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, तहसीलचं राज्य नमुन्यातलं चालत नाही. राज्यात भटक्या-विमुक्तांत असलेल्या बऱ्याच जाती केंद्राच्या यादीत ओबीसीत येतात, आपली जात त्या यादीत बघून घ्या. सेतू केंद्रात अर्ज करतानाच 'केंद्र शासनाचा नमुना' असं स्पष्ट सांगा आणि हे काम निकालाची वाट न बघता आधीच उरका. निकालानंतर तहसीलला रांग लागते.